लंकाताईंची वही आणि आमची समू

लंकाताई कुणाच्या घरी गेल्या की आधी चहा नाही, पाणी नाही, सरळ बाळाजवळ मांडी घालून बसतात. बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. आमच्या वसाहतीच्या अंगणवाडीच्या त्या सेविका. माहेर सिन्नरकडचं, आवाज खणखणीत. सरकारी मोबाइलमध्ये बाळाचं वजन आणि उंची भरून झाली की पिशवीतून शंभर पानी वही काढतात. त्या वहीत कुठलं पोर कधी कसला आवाज काढायला लागलं ते लिहिलेलं असतं. ही वही त्यांना कुणी ठेवायला सांगितलेली नाही, आणि आधी मला त्या वहीचा रागच यायचा.

मी देवळाली कॅम्पात लष्कराच्या तोफखान्यात मुलकी कारकून आहे. घर असं आहे की तोफांचा सराव सुरू झाला की मांडणीवरची भांडी थरथरतात. आमची सम्यका, म्हणजे समू, पाळण्यात त्या आवाजातही गाढ झोपलेली असायची. माझी आई, भिमाबाई, आल्यागेल्याला अभिमानाने सांगायची, "तोफखान्याची नात आहे, हलत नाही बघा." मीही छाती फुगवून मान डोलवायचो. माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही.

समूला दहावा महिना लागला तेव्हा लंकाताईंनी आईचं हे कौतुक ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी समूच्या पाठीमागे ताटली वाजवली. समू हातातला खुळखुळा चाटत राहिली.

"दादा, पोर हसती, हुंकार देती, किंचाळती पण," त्या म्हणाल्या. "पण बाबाबाबा, दादादादा असं काय लावत नाय. या वयाला पोरं तोंडाचा नुसता कारखाना चालवत्यात. कान तपासा."

"मीही उशिराच बोललो होतो. तुम्ही खाऊ वाटायचं बघा," मी म्हणालो. हे मी खरंच म्हणालो. आज लिहितानाही लाज वाटते.

त्या उठून गेल्या. पण दोनच दिवसांनी माझी बायको संजना मला न सांगता त्यांच्याबरोबर समूला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी समूला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी केली. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. तोफेला न घाबरणारी आमची शूर पोर!

समू दीड वर्षाची असताना पुण्याला तिची शस्त्रक्रिया झाली. कानात आत एक यंत्र बसलं आणि बाहेर कानामागे एक. यंत्र चालू केलं त्या दिवशी ती घाबरून संजनाच्या पदरात शिरली आणि रडत सुटली. तिच्याबरोबर आम्हीही रडलो.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी समू म्हणाली, "बाबाबाबाबा." मी कामावर दांडी मारून पेढे आणले आणि पहिला पेढा लंकाताईंना दिला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "दादा, ती तुम्हाला हाक नाय मारत. भिंतीलापण बाबाबाच म्हणती. जीभ चालवून बघतीये. पण आता पुढं सगळं व्हायचं." आणि वहीत तारीख लिहिली. पेढा मात्र दुसराही मागून घेतला.

पुढं व्हायला आणखी आठ-नऊ महिने लागले. पहिला खरा शब्द 'माऊ' होता. मांजराला माऊ, शेजारच्या शेळीला माऊ, आईच्या केसाळ शालीला माऊ. मग 'दूद', मग 'नको', आणि मग शब्दाला शब्द जोडून 'बाबा गाडी'. प्रत्येक वेळी वहीत तारीख पडत होती. साडेतीन वर्षांची झाली तेव्हा तिनं खिडकीतून बघून स्वच्छ सांगितलं, "बस आली." मी ते मोबाइलवर घेतलं आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. आता पोर वाचली, असं मला वाटलं.

आणि पाच महिन्यांनी समू म्हणाली, "आजी येली."

मला वाटलं चुकून बोलली असेल. पण मग 'बस येली', 'मी करलं' असं रोजच सुरू झालं. काल नीट बोलणारी पोर आज बिघडली! यंत्र खराब झालं म्हणून दवाखान्यात नेलं, तर यंत्र ठणठणीत. समू आता रोज अंगणवाडीत जायची, मग माझा संशय तिथंच गेला. तिथली पोरं वेडंवाकडं बोलतात, तेच ही उचलते. मी तिचं तिथं जाणं बंद केलं आणि रोज सकाळी समोर बसवून घोटून घ्यायला लागलो. "म्हण, आली." ती म्हणायची, "आली." आणि दाराकडे बघून लगेच, "आजी येली!" एकदा मी ओरडलो, खूप जोरात. त्यानंतर समू मान हलवून हो-नाही सांगायला लागली. तीन दिवस तिनं तोंड उघडलं नाही.

चौथ्या दिवशी लंकाताई आल्या. रागावल्या होत्या. संजनानं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"दादा, तुम्ही घरात येली म्हणता?"

"नाही."

"आजी म्हणती? संजना म्हणती? मी म्हणते?"

"कुणीच नाही. म्हणून तर..."

"मग हे तिनं कुठून ऐकलं?"

मी अंगणवाडीच्या दिशेला बोट दाखवलं.

"कुठूनच नाय," लंकाताई म्हणाल्या. "आधी आली म्हणत होती ते तुमचं ऐकून, जसंच्या तसं. आता तिनं पडली ऐकलं, हसली ऐकलं, रडली ऐकलं. तिच्या डोक्यानं पकडलं, की पड-पडली, हस-हसली. मग ये-येली, कर-करलं. चूक हाय, पण ती तिनं स्वतः केली हाय. ज्या पोरीला आपण बहिरी म्हणून रडलो, ती आता ऐकून ऐकून भाषा मांडतीये घरात बसून. आणि तुम्ही तिला दटावता?"

त्यांनी वही उघडून माझ्यापुढं धरली. वसाहतीतल्या सगळ्या पोरांची पानं. साईचं, अंजलीचं, वरच्या मजल्यावरच्या सुयशचं. ऐकू येणारी, धडधाकट पोरं, आणि प्रत्येकाच्या पानावर तीन-चार वर्षांच्या सुमाराला करलं, येला, घेलं. पुढच्या पानांवर ते हळूहळू कमी होत गेलेलं.

"ह्यांनापण कुणी शिकवलं नाय, आपोआप येतं, आपोआप सुटतं. कुणाचं लवकर, कुणाचं सावकाश," त्या म्हणाल्या. "ती येली म्हणली तर तुम्ही म्हणा, हो, आजी आली, आणि पुढं बोला. बास. परीक्षा घेऊ नका. बोलायला भ्यायली तर मात्र लय अवघड."

त्या दिवशी मी लेकीसमोर पुन्हा रडलो. समू लांबून बघत होती. मी तिला म्हणालो, "चुकलं माझं." ती आत पळाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा अंगणवाडीत जायला लागली. तिथं बोलते, असं लंकाताई सांगायच्या. घरात संजनाशी, आजीशीही कुजबुजायची. मी आत आलो की गप्प. आठवडा गेला, दुसराही गेला. मी काही विचारलं नाही, नुसता तिच्याजवळ बसून तिच्या भातुकलीतला रिकामा चहा प्यायचो. तिनं माझ्याशी परत कधी बोलावं, हे आता तिच्यावरच होतं, आणि त्याची मला रोज भीती वाटायची.

मग एका संध्याकाळी मी फाटकापाशी स्कूटर लावत होतो. समू उंबऱ्यात उभी होती. तिनं मला बघितलं, जरा थांबली, आणि मग घरात तोंड करून सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, बाबा येला!"

"हो गं," मी म्हणालो, "बाबा आला," आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून तिला उचलून घेतलं.