चार फूट रुंदीचा रोल

कोठी भागातल्या त्या गल्लीत पूर्वी पेंटरांची दुकानं होती. कापडी बोर्ड, रंगांचे डबे, भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली अर्धी नावं. मग एका दुकानात फ्लेक्सचं मशीन आलं आणि वर्षभरात गल्लीचा वास बदलला. टर्पेंटाइनच्या जागी शाईचा उग्र, डोळ्यांत जाणारा वास. मामा-मामींबरोबर मी तिथं गेलो तो त्यांच्या मुलाचा फ्लेक्स करायला. मी वर्तमानपत्रात होतो, म्हणून मला छपाईतलं कळत असेल असं मामांनी धरलं होतं. मला फ्लेक्समधलं काहीही कळत नव्हतं.

माझा मामेभाऊ नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता. कॉम्प्युटरवाली मुलं तेव्हा, मामा राहायचे त्या विद्यानगरमधून एकामागून एक जात होती. तिकडे रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. अंत्यसंस्कार तिथंच झाले. बरोबर राहणारा मुलगा अस्थी घेऊन आला, त्या एका लहान खोक्यात होत्या. मामींनी खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढाच?" तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तेराव्याला तो मला उभा हवाय. त्याच्या उंचीचा. टेबलावरचा फोटो नको.

फोटो होता. त्यानं स्वतःच पाठवलेला. भाड्याच्या घरासमोर हात खिशात घालून उभा, डोक्यापासून बुटांपर्यंत.

दुकानदारानं फोटो हातात घेतला आणि खुशीत विचारलं, "लीडर हैं क्या साब? बर्थडे का बॅनर?"

"हौ," मामा म्हणाले. "हमारे घर का लीडर."

"तो बडा डालो ना. दस बाय आठ. चौक में लगे तो अख्खी बस्ती देखती."

"चौक में नक्को. घर में. तेरवीं है."

दुकानदारानं फोटो दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला. मशीनवरच्या माणसाला रेडिओ बंद करायला सांगितलं आणि पुढचं सगळं हळू आवाजात बोलला.

मामा वीज खात्यातून निवृत्त झालेले. घासाघीस हा त्यांचा स्वभाव. मुलाच्या शिक्षणाची फी सोडली तर आयुष्यात त्यांनी कुठल्याच आकड्यावर पहिल्यांदा 'हो' म्हटलं नव्हतं. बातमी आल्यापासून ते पहिल्यांदाच नेहमीसारखे बोलत होते.

"भाव?"

"तीस रुपये स्क्वेअर फूट. लकडी का फ्रेम अलग, छे रुपये फूट, जितनी पट्टी लगे उतना."

"मुलगा पाच फूट नऊ इंच. रुंदीला दोन फूट पुरे. सहा बाय दोन, बारा फूट. तीनशे साठ," मामा मला मराठीत म्हणाले.

दुकानदाराला मराठी समजत होती. त्यानं मान हलवली. फ्लेक्स फ्रेमवर ओढून मागच्या बाजूला ठोकतात, त्यात चारही बाजूंनी दोन-दोन इंच जातात. सहा फूट छापलं तर समोर पाच फूट आठ इंचच राहतील. बूट मागे जातील नाहीतर केस. साडेसहा फूट छापावं लागेल. आणि त्याच्याकडचा सगळ्यात लहान रोल चार फूट रुंदीचा. दोन फूट छापलं तरी शेजारचे दोन फूट कापून फेकावेच लागणार, म्हणून पैसे पूर्ण रुंदीचे. साडेसहा गुणिले चार, सव्वीस फूट. सातशे ऐंशी.

"वाया जाणाऱ्याचेही पैसे?"

"साब, वो टुकडा मैं किसको बेचूँ?"

मामांनी खिशातून पेन काढलं आणि जुन्या पावतीच्या पाठीवर चौकोन काढला. मध्ये उभी रेघ मारली. आपल्या पैशात काहीतरी फुकट जातंय हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि त्यावरचा उपाय सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला.

"मग असं करा. दोन्ही अर्ध्यांत छापा. छपाईचा पैसा तोच. दोन फ्रेम करा, लाकडाचं काय ते जास्त घ्या. एकाच्या भावात दोन निघतील."

दुकानदारालाही ते पटलं. "हौ, बराबर बोले साब. एक घर में, एक हॉल में."

मामी तोपर्यंत स्टुलावर बसून होत्या. त्या उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकच होता."

मामांच्या हातातलं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला. मागे मशीन कुणाचा तरी साडीसेलचा बॅनर इंच-इंच बाहेर सोडत होतं.

दुकानदारानं विचारलं, "अम्मा, फिर बाजू का काट दूँ?"

"कापू नका," मामी म्हणाल्या. "राहू दे कोरं."

दुकानदारानं त्यात फुलं टाकू का विचारलं, दिवा टाकू का, श्लोक टाकू का. मामींनी प्रत्येक वेळी मान हलवली. मग त्यानं हिशेब केला. दोन फुटी फ्रेमला मधल्या आडव्या पट्टीसकट अठरा फूट लाकूड लागलं असतं, चार फुटीला चोवीस. छत्तीस रुपये जास्त. एकूण नऊशे चोवीस. वरचे चोवीस तो स्वतःहून सोडायला तयार होता. मामांनी पूर्ण पैसे मोजून दिले. त्यांना घासाघीस न करता पैसे देताना मी तेव्हाच पाहिलं.

निघताना दुकानदार मामींना म्हणाला, "अम्मा, ये माल दूर से देखने का रहता. दस फुटावरून साफ दिसतं. पास से मत देखना, चेहरा फट जाता, खाली ठिपके दिखते."

तेराव्याला फ्लेक्स बैठकीच्या भिंतीला टेकवून उभा केला होता. ती खोली लांबीला दहा फुटांची. दुकानदार म्हणाला ते खरं होतं, दारातून तो हुबेहूब तोच दिसत होता. डाव्या अर्ध्या भागात तो, हात खिशात, उजवा अर्धा भाग पांढरा. येणारे त्या पांढऱ्या जागेकडे पाहायचे आणि काही विचारायचे नाहीत. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "छापायचं राहिलं वाटतं."

मामी गंधाची वाटी घेऊन पुढे गेल्या. तो कुठंही निघाला की कुंकू लावताना मुद्दाम वाकायचा नाही. "आई, जरा उंच हो की," म्हणायचा, आणि त्या टाचा उचलून त्याला चापट मारायच्या. त्या टाचा उचलूनच उभ्या राहिल्या. इतक्या जवळून त्यांना चेहरा दिसला नसेल, ठिपकेच दिसले असतील. बोट कपाळावर बरोबर पडलं.

मामा दिवसभर बाहेर खुर्च्या मोजत, मांडववाल्याशी बोलत राहिले. लोक गेल्यावर मामींनी मला त्यांना आत आणायला सांगितलं. ते आले आणि पांढऱ्या अर्ध्या भागापुढे, भिंतीकडे पाठ करून, मुलाच्या शेजारी उभे राहिले. त्याच्या कानापर्यंत आले. मग त्यांनी फ्रेमच्या मागे हात घातला आणि लाकूड चाचपलं.

"मधल्या पट्टीला एकच खिळा मारलाय," ते म्हणाले. "दोन पाहिजे होते. उद्या जाऊन सांगतो त्याला."

"सांगा," मामी म्हणाल्या.

ते तिथून हलले नाहीत. हात मागे, पट्टीवरच होता.