चकाची किल्ली

मी लिहावं एवढी माझी योग्यता नाही, माफ करा. पण थोरल्या भावाचा कारखान्यासाठीचा अर्ज मीच लिहिला. जुन्नरच्या वर्कशॉपात तो लेथ आणि ड्रिल चालवायचा. कॉलेजात शिकणाऱ्या मी रुबाबासाठी त्यात मिलिंग मशीनही घातलं.

त्याचे वर्कशॉपातले उस्ताद अर्ज ऐकून हसले. "काय राव कॉलेजवाले, मिलिंग आमी तरी कुठं पाह्यलंय? खोडा ते! लिहा, चकातली किल्ली काढल्याबिगर लेथ चालू करत न्हाई."

चक म्हणजे लेथवर धातूचा तुकडा धरणारा फिरता जबडा; तो या किल्लीनं आवळतात. "एवढंसं लिहायचं?" मी विचारलं.

"उडून कपाळात बसली का कळंल!"

लिहिलं. मुलाखतीनंतर महिनाभर काहीच कळलं नाही. मग भावाचं पत्र आलं : "मुलाखतीत साहेबांनी लेथ चालू करायला सांगितला, चकात किल्ली मुद्दाम ठेवली व्हती. मी आधी ती काढली. शिकाऊ मशिनिस्ट म्हणून घेतलं!"