फोनमधल्या गिऱ्हाइकाची बोहणी

आमचं गादीचं दुकान सावंगीच्या रस्त्यावर, मेडिकल कॉलेजच्या अलीकडे आहे. मागच्या खोलीत रुई पिंजायची मशीन, पुढे गाद्या आणि उशांचे ढीग, आणि त्या ढिगांमागे एक माणूस उभा राहील एवढी जागा. ती जागा माझी. इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की मी तिथे जाऊन उशा मोजायला लागायची. सकाळीच मोजलेल्या असायच्या, तरी मोजायची.

आमच्या ह्यांना असली लाज नाही. ते मोडकंतोडकं हिंदी बोलतात, हातवारे करतात, गादीवर स्वतः आडवे होऊन दाखवतात. मी मात्र या घरात शिकलेली सून म्हणून आले होते. शिकलेल्या माणसानं चुकायचं कसं? त्यापेक्षा उशा बऱ्या.

गेल्या वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत एक नवराबायको मुलाला घेऊन आले. हे बाहेर गेलेले. त्या बाईंनी दोनदा "एक्स्क्यूज मी" म्हटलं, मी ढिगामागून हलले नाही. तिघांच्या चपला पायरी उतरताना दिसल्या तेव्हा मला माझाच इतका संताप आला, की दिवसभर मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते. नागपूरला शिकणाऱ्या माझ्या मुलीनं फोनवर ते ऐकून घेतलं आणि पुढच्या सुट्टीत आली तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये इंग्रजी बोलायचं एक ॲप टाकून दिलं.

त्यात 'दुकान' निवडलं की फोन गिऱ्हाईक होतो. बाईच्या आवाजात बोलतो, मग आपण माइक दाबून उत्तर द्यायचं. आपण बोललेलं अक्षरांत दिसतं, वाक्य चुकलं तर खाली सुधारून येतं, आणि तिचं बोलणं कळलं नाही तर सावकाश ऐकायचं बटण असतं. फुकटात रोज थोडीच मिनिटं मिळत. मागची मशीन चालू असली की त्याला भलतंच ऐकू येई. एकदा मी "सॉफ्ट कॉटन" म्हटलं आणि त्यानं काहीतरी कुत्र्याबद्दल लिहिलं. म्हणून मी सकाळी शटर उघडलं की लगेच, मशीन सुरू व्हायच्या आत, सरावाला बसू लागले.

आणि तिथेच माझ्या सासऱ्यांशी गाठ पडली. मामाजी सत्तरीच्या पुढचे. अजूनही दारात बसून हातानं गादीला टाके घालतात. इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण बोहणीच्या बाबतीत महाकडक. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलेलं त्यांना खपत नाही. तीन-चार दिवस त्यांनी गुपचूप ऐकलं. मग सुई थांबवून विचारलं, "काय म्हणे थे बाई? घेतली का गादी?"

"नाई जी मामाजी. विचार करतो म्हणे, अन् गेली."

"सकायी सकायी पहिलं गिऱ्हाईक वापस पाठोलं?"

"मामाजी, थे खरी बाई नाई. फोन हाय थो."

"बोलते ना? भाव विचारते ना? मंग गिऱ्हाईकच हाय!"

मी हसले. पण नेमकं त्या दिवशी दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही, आणि मामाजींनी निकाल दिला. सराव करायचा तर कर, पण फोनमधल्या बाईनं गादी घेतल्याशिवाय उठायचं नाही.

झालं! आजवर मी पाठ केलेली चार वाक्यं म्हणून मोकळी होत होते. आता विकणं भाग पडलं. ती "आय विल थिंक अबाउट इट" म्हणाली की मला घाम फुटायचा, कारण मिनिटं संपत आलेली असायची आणि मामाजी सुई हवेत धरून माझ्याकडे बघत असायचे. मी तिला विचारायची, "व्हॉट इज युवर वरी, मॅडम?" ॲप रोज ते वाक्य सुधारून लांबलचक करून द्यायचं. ते माझ्या तोंडात काही बसेना. मी 'वरी'लाच धरून राहिले.

पटलं की ती म्हणायची, "ओके, आय विल टेक इट." तेवढं वाक्य मामाजींना पाठ झालं. ते ऐकताच ते माझ्या हातातून मोबाइल घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि मग चहा मागायचे. मला इतकं हसू यायचं की दिवसाची सुरुवातच हसण्यानं होऊ लागली.

यंदाच्या ॲडमिशनच्या दिवसांत हे रुई आणायला देवळीला गेले होते. मी शटर वर केलं आणि समोर एक बाई आणि तिची मुलगी उभी. मुलीच्या हातात हॉस्टेलचा कागद. बाई भरभर इंग्रजीत बोलू लागल्या. माझे पाय आपोआप ढिगाकडे वळले.

"बोहणी हाय, पोरी," मामाजी हळूच म्हणाले. "कुठं जाऊन राह्यली?"

मी थांबले. सावकाशचं बटण इथे नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, प्लीज, स्लो." बाई एकदम ओशाळून हसल्या आणि हळू बोलू लागल्या, तेव्हा लक्षात आलं की त्यासुद्धा शब्द शोधून शोधून बोलताहेत. त्यांच्या घरची भाषा वेगळीच होती. माझ्या छातीवरचं ओझं तिथल्या तिथे निम्मं झालं. मी गादीची शिवण कोपऱ्यात उसवून आतली रुई दाखवली. हॉस्टेलचा पलंग अरुंद आहे, ही त्यावर बरोबर बसते, हेही सांगितलं. सगळं छान चाललं होतं आणि बाई म्हणाल्या, "आय विल थिंक."

मामाजींची सुई हवेत थांबली.

"व्हॉट इज युवर वरी, मॅडम?" मी विचारलं.

बाईंनी गादीकडे पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. "शी नेव्हर स्लीप अलोन," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मुलगी तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागली.

याचं उत्तर ॲपनं कधी शिकवलं नव्हतं. फोनमधल्या बाईला मुलगी कुठे होती? मला माझी नागपूरची पोर आठवली आणि मी बोलत सुटले. "धिस शॉप एव्हरी डे ओपन. शी कम, शी सिट, ड्रिंक टी. आय ऑल्सो मदर. आय ॲम हिअर." तीन ठिकाणी तरी चूक असणार. असू दे.

बाईंनी पदरानं डोळे पुसले, गादीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ओके. आय विल टेक इट."

"घेतली!" मामाजी दारातून ओरडले. माझ्याही आधी त्यांना कळलं होतं. बाई दचकल्या, मुलगी खळखळून हसली आणि मग आम्ही सगळेच हसत सुटलो. पैसे मोबाइलवर आले. मामाजींनी तो कपाळाला लावला, आणि या वेळी मला ते वेडेपण वाटलं नाही.

त्या दुपारी मी नव्या उशा ढिगामागे नेऊन त्या जागेत खालपासून वरपर्यंत रचल्या. आता तिथे मांजरही शिरलं नसतं. संध्याकाळी हे आले आणि बघतच राहिले.

"इथं काऊन रचल्या? मोजायच्या कशा आता?"

"झाल्या मोजून," मी म्हटलं.