रिकाम्या जागेतली पट्टी

नात माझ्याकडे आली तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होती. माझी लेक तापाने गेली. जावयांची नोकरी लातूरला. एकट्या माणसाने एवढंसं लेकरू सांभाळायचं कसं, म्हणून ती नांदेडला आमच्याकडे राहिली. पुस्तकांशी तिची पहिली ओळख झाली ती चावून. चित्रातला आंबा तिने खाऊन पाहिला आणि पान ओलं करून ठेवलं.

मी जन्मभर शाळेत शिकवलं. पुस्तकाचे हाल मला बघवत नाहीत. लेकीची लहानपणची पुस्तकं खालच्या फळीवर होती, बाजारात निघालेल्या मांजरीच्या गोष्टीचंही. त्यातल्या एका पानावर लेकीने जांभळ्या खडूने मांजरीला मिशा वाढवल्या होत्या. तिच्या हाताचं आता तेवढंच घरात उरलं होतं, आणि नातीला नेमकं तेच पुस्तक हवं असायचं.

मग आमची शाळा सुरू झाली. हात धुवायचे, पुसून कोरडे करायचे, मांडी घालून बसायचं, पुस्तक मांडीवर. पान खालून ओढायचं नाही. वरचा कोपरा बोटाने अलगद उचलायचा, हात पानाखाली सरकवायचा आणि पान पलीकडे निजवायचं. हे सगळं तिला जमलं, पण पान उलटण्याआधी ती बोटाला थुंकी लावायची. कुठून शिकली म्हणून बघते, तर आमचे हे पेपर वाचत बसलेले, बोट जिभेवर!

"अहो, निदान पोरीसमोर तरी!"

"लई कडक हाय तुझी आजी," हे तिला म्हणाले. "आपल्या दोघांलाबी नापास करून राहिली."

ती खदखदून हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी असं हसलं होतं.

एकदा घाईत तिने पान ओढलं आणि ते अर्ध्यापर्यंत टर्रकन फाटलं. मिशांचंच पान. ती रडायची थांबेना. चिकटपट्टी मी लावू देत नाही, पुढे ती पिवळी पडते. मी मैद्याची खळ शिजवली, पातळ कागदाची पट्टी कापली, आणि तिने आपल्या बोटाने ती फाटलेल्या जागी बसवली. जास्तीची खळ टिपून वर कोरा कागद, त्यावर पोळपाट, पोळपाटावर डाळीचा डबा. दुसऱ्या दिवशी डबा उचलेपर्यंत तिने माझा पिच्छा सोडला नाही. पान जुळलं होतं, मिशांतून एक बारीक रेघ तेवढी गेली होती.

पुस्तक फळीवरून काढणं आणि परत ठेवणं सगळ्यात अवघड. वरून टोक धरून ओढलं की शिवण उसवते, म्हणून शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकलायची आणि मधलं पाठीला धरून काढायचं. आणि निघालेल्या जागी माझी लाकडी पट्टी उभी करायची. पट्टी आहे म्हणजे पुस्तक बाहेर आहे आणि परत येणार आहे. पुस्तक आलं की पट्टी माझ्या हातात द्यायची. हा नियम तिने कधी मोडला नाही.

जावयांनी दुसरं लग्न केलं. बाई चांगली आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. "आई, आता तिला शाळेत घालायचंय, घेऊन जातो," असं ते खाली मान घालून म्हणाले. नाही कशाच्या तोंडाने म्हणणार? आदल्या दिवशी तिच्या कपड्यांच्या घडीत मी गुपचूप ते मांजरीचं पुस्तक ठेवलं. आईचं काहीतरी तिच्याजवळ असावं, एवढंच मनात होतं.

गाडी गेल्यावर घरात आले तर खालच्या फळीवर पट्टी उभी. पोरीने पिशवीत पुस्तक पाहिलं होतं आणि न बोलता नियम पाळला होता. ती परत येणार होती. मी ती पट्टी हलवली नाही. धूळसुद्धा तिच्या आजूबाजूची पुसायची. फोनवर ती विचारायची, "पट्टी आहे ना?" मी म्हणायचे, "आहे." पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. मी मात्र रोज बघत होते.

दिवाळीत ती दोन दिवसांसाठी आली. उंच झालेली, दोन वेण्या घातलेली, पाहुण्यासारखी दारातच चप्पल नीट लावून ठेवणारी. पाणी प्यायली, हात धुतले, कोरडे केले. मग पिशवीतून पुस्तक काढलं. एकही कोपरा दुमडलेला नव्हता. तिने शेजारची पुस्तकं एका हाताने सावरली, पट्टी काढली, मांजरीचं पुस्तक पाठ बाहेर ठेवून सरळ आत सरकवलं आणि पट्टी माझ्या हातात दिली.

"अगं, ते तुझंच आहे. ने की परत."

"नको आजी. वाचून झालं. तिकडं आईनं मला नवी आणलीत."

"शाबास," मी म्हणाले. नीट ठेवलं होतं, शाबासकी द्यायलाच हवी होती. फळी गच्च भरली होती. पट्टी हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.