हरसूलच्या शाळेची तक्रार

माझ्या सातपूरच्या कारखान्यातून जिल्हा परिषदेच्या शाळांना बाकं पुरवली होती. वॉरंटी संपल्यावर, बाकं टिकतील याची हमी म्हणून ठेवलेली बँक गॅरंटी परत मागायला त्यांच्या कार्यालयात गेलो, तर तिथल्या बाई फाईल उघडून म्हणाल्या, "हरसूलच्या शाळेची तक्रार आहे, बाकं मोडलीत. लवकर मिटवा, नाहीतर गॅरंटी वटवायला बँकेला पत्र जाईल."

त्या गॅरंटीपोटी घर तारण होतं आणि बायकोला मी ते सांगितलंच नव्हतं.

मी तडक हरसूल गाठलं. मुख्याध्यापिकांनी मोडकी बाकं दाखवली. ती जुनी, लाकडी होती; माझी लोखंडी.

"चूक आमचीच झाली," म्हणत त्यांनी तसं लिहून दिलं.

ते कार्यालयात दिल्यावर चौथ्या दिवशी मूळ गॅरंटी आणि ती मोकळी केल्याचं पत्र मिळालं. बँकेत घर तारणातून सोडवायच्या कागदावर सही केली; बायकोला मात्र अजून काहीच सांगितलं नव्हतं.