पिन केलेला खड्डा

माझा जन्म ओरडण्यात गेला. रिक्षाच्या टपावर कर्णा बांधायचा आणि जळगावच्या गल्लीबोळांतून पुकारा करत फिरायचं, हा आपला धंदा. साडीचा सेल, डोळ्याचं शिबिर, हरवलेली म्हैस, सगळं एकाच आवाजात. एकदा एका मयतीचा पुकारा करताना तोंडाला सवयीनं 'त्वरा करा, शेवटचे दोन दिवस' आलं. घरच्यांनी रिक्षा थांबवली आणि कर्णा काढून घेतला. मला मारलं नाही, कारण सगळे रडत होते.

आता रिक्षात रेकॉर्ड केलेली बाई बोलते. तिला चहा लागत नाही, तिची जीभ घसरत नाही. मी घरी बसलो आणि घरात पुकारा करायला लागलो. बायको म्हणाली, "माले नको सांगू, भिंतले सांग."

म्हणून भाचीचा फोन आला तेव्हा मी चपला पायात घालूनच उचलला. भाची धरणगावची. जळगावात एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली घेऊन ती लोकांच्या दुकानांची इन्स्टाग्रामची पानं सांभाळते.

"मामा, तुमच्या तोंडाचा उपयोग करायचाय," ती म्हणाली.

काम होतं मेहरूणमधल्या पिंजारी चाचांचं. चाचा म्हणजे जुनी गादी फोडून, आतली रुई मशीनवर पिंजून, परत भरून देणारे. त्यांच्या बापानं हातातल्या तारेच्या धनुकलीनं पिंजलं, यांनी मोटारीवर. आता लोक फोमच्या गाद्या आणतात आणि कापसाची गादी उकिरड्यावर टाकतात. मशीन दोन महिने बंद होतं. धुळ्याचा भंगारवाला रविवारी टेम्पो घेऊन येणार होता, मशीन न्यायला. चाचा म्हणायचे, "जाने दो, जगह तो खाली होगी." पण बोलताना हात मशीनवरच ठेवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

भाचीनं त्यांच्यासाठी कॅरोझल केलं होतं. मला आधी ते केरोसीन ऐकू आलं, म्हटलं गादीला घासलेट कशाला? मग तिनं दाखवलं. एकाच पोस्टमध्ये बोटानं सरकवायची पानं असतात. पहिल्या पानावर उकिरड्यावरची गादी, खाली लिहिलेलं, 'ही टाकायची?' मग पिंजण्याआधीच्या रुईच्या गाठी, पिंजल्यावरची रुई, आणि शेवटी चाचा, दुकान, पत्ता. झकास काम.

"याच्या खाली पहिली कमेंट आपणच टाकायची," भाची म्हणाली. "ती पिन केली की सगळ्यांच्या वर राहते. आणि तिला पहिलं उत्तरही आपणच द्यायचं. म्हणजे पुढच्याला वाटतं, इथं बोललं तर चालतं."

मला वाटलं, एवढंच? मी शाळेत गेलो तो फक्त तिथला पत्रा आमच्या घरापेक्षा कमी गळायचा म्हणून. त्यामुळे बोटानं टाइप करणं माझ्या कुंडलीत नाही. मी बोललेलं लिहून घेणारं फोनमधलं माइकचं बटन दाबलं आणि खोलीतली पाल पळेल एवढ्या आवाजात सांगितलं, "ऐका हो ऐका! जुनी गादी पिंजून मिळेल! आजच या!"

भाचीनं वाचलं. "मामा, हे तर पानांवर आहेच. तेच परत कशाला? पानं वाचून माणूस खाली आला, त्याला आता काहीतरी नवं पाहिजे. आणि त्याला बोलायला जागा पाहिजे. तुम्ही तर त्याच्या तोंडावर कर्णा धरला."

खरं होतं. तीस वर्षं पुकारा केला, पण कोणी उलट काही बोललं की ऐकायला मी कधी थांबलोच नाही. रिक्षा पुढे जायची.

मग मी विचारलं, 'तुम्हाला ही पोस्ट कशी वाटली?' दोन जणांनी अंगठा पाठवला, एकानं आगीचं चित्र. कापसाच्या दुकानाला आगीचं चित्र! मी घाबरलो. भाचीनं ती कमेंट काढली. मग विचारलं, 'तुमच्या घरी जुनी गादी आहे का?' उत्तरं आली: 'हो.' 'हो.' 'नाही.' संपलं. सरकारी माणूस घरोघर मोजणी करून गेल्यासारखं.

भाची म्हणाली, "हो-नाहीवर तोंड बंद होतं, मामा. असं विचारा की सांगावंसं वाटेल."

मी मेहरूणच्या तलावाला एक चक्कर मारली. परत आलो, बसलो, उठलो. रविवार जवळ येत होता. शेवटी कंटाळून माझ्याच घरचं सांगितलं. आमच्या लग्नातली गादी आहे, माझ्या बाजूला एवढा खड्डा पडलाय की सकाळी बायकोला हात देऊन मला बाहेर काढावं लागतं. तर कमेंट अशी झाली:

'गादीत खड्डा पडला म्हणजे रुई मेली नाही, एका जागी गोळा झाली. पिंजली की परत उठते. आमच्या गादीत खड्डा माझ्या बाजूला आहे, बायको रोज हात देऊन काढते. तुमच्या घरी खड्डा कोणाच्या बाजूला?'

भाची हसली. खरंच हसली. "आता बरोबर. खड्ड्यात रुई मरत नाही हे पानांवर नव्हतं, आणि प्रश्न घरातला आहे." तिनं ती कमेंट पिन केली. मला म्हणाली, आता पहिलं उत्तर सांगा. मी म्हटलं, थांब, चहा पिऊन सांगतो.

तो चहा गप्पांत तासभर लांबला, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग चहा ठरला.

आम्ही कपातून वर बघतोय तर दारात चाचा. सायकल खाली पडलेली, टोपी हातात.

"ये क्या लिख्या रे तूने? मेरी बीवी मुझे हाथ देके उठाती है?"

मला काही कळेना. भाचीनं कपाळाला हात लावला. कमेंट दुकानाच्या खात्यावरून गेली होती. त्यात 'मी' म्हणजे मी नव्हतोच. तो 'मी' चाचा होते! चाचांची मेहुणी धुळ्याला असते. तिनं वाचलं, कमेंट केली नाही, सरळ बहिणीला फोन लावला. धुळ्यातला अर्धा मोहल्ला चाचांच्या खड्ड्यावर हसत होता आणि लिहीत कोणीच नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या बिछान्याबद्दल आधी कोण लिहिणार?

"निकाल उसको," चाचा म्हणाले.

"काढते, चाचा," भाची म्हणाली. कमेंट काढली की तिच्याखालची उत्तरंही जातात, पण इथं एकही उत्तर नव्हतं, त्यामुळे जाणारही काही नव्हतं. तिनं कमेंटवर बोट दाबून धरलं.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "ठहर जा, बेटी."

चाची वर आल्या. धापा टाकत. मी खुर्ची दिली, बसल्या नाहीत. मला वाटलं, आता मार. मी दाराची जागा हेरून ठेवली.

"किसने लिखा?"

मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता तो.

"झूठ लिखा," चाची म्हणाल्या. "खड्डा इनकी बाजू में नहीं है. मेरी बाजू में है. ये तो दोपहर में दुकान में रुई के ढेर पे सोते हैं. पूरे मेहरूण की गादी पिंजते हैं, पर घर की गादी कब से बोल रही हूँ? लिख. बराबर लिख."

चाचा म्हणाले, "अरे, घर की बात..."

"घर की बात तो धुलिया तक गई. अब सच्ची जाने दो."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. पहिलं उत्तर समोर उभं होतं, ओढणी सावरत.

चाची सांगत गेल्या, भाचीनं मराठीत बसवलं. मी एकच शब्द घातला, तोही भाचीनं काढला. उत्तर असं गेलं, त्याच दुकानाच्या खात्यावरून:

'मी चाची बोलतेय. हे खोटं आहे. खड्डा माझ्या बाजूला आहे. हे सगळ्यांच्या गाद्या पिंजतात, घरची राहिली. ज्याचा जो धंदा, त्याच्याच घरात ते काम पडून असतं. तुमच्याकडे कोणतं काम पडलंय?'

दुकानच दुकानाशी भांडायला लागलं.

मग आम्ही बसलो. मी पाय हलवत होतो, भाची स्क्रीन खाली ओढून ओढून ताजी करत होती, चाचा खिडकीतून सायकलकडे बघत होते. काहीच नाही. काहीच नाही. मग एक आलं. पाचोऱ्याच्या एका बाईचं: 'आमचे हे वायरमन. बाथरूममध्ये मेणबत्ती लावून आंघोळ करते.' तिच्याखाली लगेच दुसरी: 'आमचे गवंडी. ओटा अर्धाच.' मग टेलरची बायको, बटन नसलेला ब्लाउज. एक माणूसही आला, म्हणे बायको पार्लर चालवते आणि माझी दाढी बघा. एकानं तर अहिराणीत लिहिलं, 'मना बाप न्हावी शे, मना केस देखा.' भाची प्रत्येकाला उत्तर देत होती आणि प्रत्येक उत्तरात परत एक प्रश्न सोडत होती. मध्ये मध्ये खरं गिऱ्हाईक डोकवायचं: खोळ नवी लागते का? किती वेळ लागतो? धुळ्याहून गादी आणली तर चालेल?

चाचांनी चष्मा पुसून पुसून वाचलं. मग त्यांना चाचींचं वाक्य परत दिसलं आणि तोंड पडलं. "बेटी, ये नीचेवाला निकाल दे. ऊपर का रहने दे, मैं हँस लूंगा. पर इसमें मेरी इज्जत गई."

"हे काढलं की गप्पा कशावरून चालल्यात ते कोणाला कळणार नाही," भाची म्हणाली. "आणि वरची काढली तर खालचं सगळंच जाईल. ती धुळ्याची गादी पण. तुम्ही सांगाल ते करते, चाचा."

चाचांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. मला म्हणावंसं वाटलं की इज्जतीवरून मी तुम्हाला शिकवू शकतो, ती माझी कधीच गेली आणि मी बरा आहे. पण पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं. त्रास झाला.

"रहने दे," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून कमेंटमध्ये एकच धोशा सुरू झाला: चाचींची गादी पिंजली का? बायका दिवसातून दोनदा विचारायला लागल्या. पाचोऱ्याची वायरमनवाली तर म्हणाली, तुमची पिंजली की आमचा बल्ब लागेल, आमचं तसं ठरलंय.

रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा मशीन चालू होतं. चाचींची गादी फोडलेली, दुकानात रुई उडत होती, चाचांची दाढी दुप्पट पांढरी. बाहेर लोकांनी आणून टाकलेल्या चार-पाच गाद्या. भंगारवाला ओरडून काहीतरी म्हणाला, आवाजात ऐकू येईना. चाचांनी हातानंच सांगितलं, आज नाही.

"बाद में भाव गिरेगा, चाचा!"

"गिरने दे!"

तो टेम्पोत बसून बिडी ओढून निघून गेला. परत येणार नाही असं काही तो म्हणाला नाही, आणि चाचांनीही विचारलं नाही.

मशीन थांबलं. भाची फोन पुढे करून म्हणाली, "चाची, सगळे विचारतायत, खड्डा गेला का? फोटो टाकू?"

"मेरे बिस्तर का फोटो? खबरदार." चाचींनी पिंजलेल्या रुईत मनगटापर्यंत हात घातला, दाबला, काढला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "लिख, अभी क्या बोलूँ? भर के, सो के देखूंगी. कल बताऊंगी."

भाचीनं तेच लिहिलं, शब्दाला शब्द. लगेच खाली उत्तरं यायला लागली, आम्ही थांबलोय, चाची.

चाचांनी ते ऐकलं. मशीन परत चालू केलं आणि पिंजून झालेली ती सगळी रुई पुन्हा एकदा आत घातली.