बटाट्याला प्रवेश नाही

दहा वर्षं आपल्याला शाळेत मराठी शिकवली आणि बटाटा हा शब्द कुठून आला, हे एकदाही सांगितलं नाही. ज्यांनी कुणी हे केलं, त्यांना मी माफ करणार नाही. वृत्तांचे गण पाठ करून घेतले, आणि रोज तोंडात जाणारे शब्द मात्र तसेच गिळायला लावले.

मी भाषाशास्त्रात एम.ए. करतेय. माझा वर्गमित्र नचिकेतही तेच करतोय. आमचा सगळा अभ्यास पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होतो, त्यामुळे नोट्सपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. त्यातले मंदामावशींचे तेवढे सांगते. कॅन्टीन त्या चालवतात. मूळच्या भंडाऱ्याच्या, आता वारज्यात राहतात. कमी बोलतात, पण बोलल्या की समोरच्याला पाणी प्यावं लागतं.

*

सुरुवात माझ्यापासून झाली, हे कबूल करते. मला वाटलं, लोक रोज मेनूबोर्ड वाचतात, तर तिथेच ज्ञान चिकटवू. नचिकेतने चिठ्ठ्या लिहिल्या, मी चिकटवल्या.

'वडा: संस्कृत वटक.'
'पाव: पोर्तुगीज पांव, म्हणजे साधी भाकर.'
'बटाटा: कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा शब्द. स्पॅनिश लोकांनी उचलला, पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरवला.'

मावशींनी कमरेवर हात ठेवून सगळं वाचलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त भाव झाकला गेलाय."

*

चहाच्या चिठ्ठीवरून भांडण झालं. नचिकेतने लिहिलं होतं, 'चहा: फारसी चाय.' मी ती फाडली आणि 'चहा: चिनी चा' अशी नवी लावली.

"अरे, मुळात चीनमध्येच दोन उच्चार होते," मी सांगितलं. "बऱ्याच भागांत 'चा' आणि फूच्येनच्या किनाऱ्यावर 'ते'. डचांनी त्या किनाऱ्यावरून माल उचलला, म्हणून इंग्रजांचा 'टी' झाला. 'चा' जमिनीवरून इराणात गेला, तिथे त्याला 'य' चिकटला, आणि तो 'चाय' होऊन हिंदीत आला. आपल्या चहात 'य' कुठाय? पोर्तुगीज चीनच्या मकाव बंदरातून 'चा'च घेऊन निघाले होते. बहुधा त्यांच्याकडूनच आपल्याकडे आला."

शेजारच्या टेबलावर पाटण्याहून आलेली फर्स्ट इयरची मुलगी ऐकत होती. तिने विचारलं, "म्हणजे आमच्या घरी रस्त्याने आला आणि तुमच्या घरी बोटीने?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

मावशींनी तिघांपुढे कप आदळले. "इथे गॅसवरून येतो. प्या आता."

*

मग जे व्हायला नको होतं ते झालं.

मराठी भाषा सप्ताहात कॉलेजात खाद्यजत्रा ठरली. समितीचे अध्यक्ष शिरोळे सर. त्यांनी नोटीस लावली: फक्त मराठी नावाचे पदार्थ. खाली दुसरी ओळ होती. ज्याला पुढच्या वर्षी कॅन्टीन चालवायचं आहे, त्याने जत्रेत स्टॉल लावणं बंधनकारक.

मावशींनी नेहमीसारखा बटाटावडा, पाव आणि चहा असा अर्ज भरला. तो लाल शाईत परत आला. बटाटा आणि पाव खोडलेले, चहा खोडलेला. पुरावा म्हणून आमच्याच चिठ्ठ्यांचा फोटो जोडलेला.

"वडा तेवढा पास आहे," नचिकेत हळूच म्हणाला.

"म्हणजे आत काही न भरता नुसतं बेसन तळू?" मावशी म्हणाल्या. मग अर्जाची घडी घालून त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हाला टोमणा मारला नाही. अकरा वर्षं चालवलेलं कॅन्टीन माझ्या गोंदामुळे जाणार होतं, आणि त्यांनी मला साधं बोलूनही दाखवलं नाही. मला रात्रभर बोललेलं चाललं असतं.

*

नचिकेतने मार्ग काढला, की नावंच बदलू. त्याने यादी आणली. बटाटावड्याला 'आलुकवटक', चहाला 'पर्णक्वाथ'.

मावशींनी यादी शांतपणे वाचली. "हे जेवणाआधी घ्यायचं का नंतर?"

मग मी सांगितलं की कॅरिबियन लोकांचा बटाटा म्हणजे मुळात रताळं. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो डोंगराळ पेरू देशातला, त्याला तिकडे 'पापा' म्हणतात. युरोपात दोन्ही कंद पोचले, लोकांचा गोंधळ उडाला आणि रताळ्याचं नाव बटाट्याला पडलं.

"म्हणजे त्याच्या अंगावरचं नावही त्याचं नाही," मावशी म्हणाल्या. "आणि तरी त्याला कुठल्या घरातून कुणी हाकलत नाही. काऊन गं?"

हा प्रश्न सरांपर्यंत पोचायला हवा होता. मी उठले आणि शिरोळे सरांची वेळ घेतली.

*

वेळ मिळाली गुरुवारची. गुरुवारी सरांचा उपास. मावशींनी साबुदाण्याची खिचडी केली आणि स्वतः डबा घेऊन माझ्यासोबत आल्या. सरांनी दोन घास खाल्ले, चेहरा निवळला.

"बघा, किती अस्सल मराठी पदार्थ," ते म्हणाले.

"सर, साबुदाण्यातला साबू म्हणजे मलाय लोकांचा 'सागू'," मी म्हटलं. "ते ताडासारखं झाड. आता आपला साबुदाणा ब्राझीलकडच्या एका कंदापासून बनतो. झाड बदललं, नाव तेच राहिलं."

सरांचा चमचा थांबला. "यात काजू आहे."

"तोही ब्राझीलचा. तिथले लोक 'अकाजू' म्हणायचे, पोर्तुगीजांनी 'काजू' केलं. यातल्या बटाट्याचं तर आपल्याला माहीतच आहे."

"मिरची तरी आपली असेल?"

"नाव आपलं आहे, सर. काळ्या मिऱ्यावरून पडलेलं. मिरची स्वतः अमेरिकेतून आली."

सर खुर्चीत मागे टेकले. "मग नियम नावाला लावायचा की वस्तूला?"

"नोटीस आपली आहे," मी म्हटलं.

सरांनी पुढचा घास घेतला. तो संपवून त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि टेबलावरच्या नोटिशीतली पहिली ओळ खोडली. दुसरी ठेवली. मावशींनी पुढे केलेल्या अर्जावर सही केली.

"स्टॉल लावा, मावशी. चहासकट," ते म्हणाले. "आणि तू अन् नचिकेत त्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहा. भाव झाकू नका."

मावशींनी सहीवर बोट फिरवलं आणि अर्ज पदराखाली घेतला. एवढ्यावर उठायला हवं होतं. पण सरांना आता मुळं शोधायचा नाद लागला होता.

"उद्घाटनाच्या पाहुण्यांना मात्र शंभर टक्के इथलं काहीतरी द्यायचं," ते म्हणाले.

"पिठलं-भाकरी," मी सुचवलं.

"पिठल्यात मिरची येते," सर गंभीरपणे म्हणाले. आता ते माझ्यापेक्षाही कडक झाले होते.

"पेरूच्या फोडी?" मावशींनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. पेरूचं फळ अमेरिकेचं आणि नाव बहुधा पोर्तुगीजांचं.

"मग द्यायचं काय पाहुण्यांना?" सरांनी हात टेकले.

लोणी काळभोरहून रोज येणारे आमचे शिपाई लक्ष्मणमामा टेबलावरचे पेले गोळा करत होते. ते मान वर न करता म्हणाले, "पाणी द्या की, सर. खडकवासल्याच्या धरणाचं हाय."